धागा: गॅल्व्हॅनोमीटरचा काटा लेंझच्या नियमाच्या उलट जातोय

रेवा_बारावी
बारावीचा विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा धडा चालू आहे. प्रकल्पासाठी घरीच कुंडल केलंय. वायरिंगचा २० मिमीचा पीव्हीसी पाइप, त्यावर ३६ गेजच्या एनॅमल तारेचे ५०० वेढे, गुंडाळीची लांबी साधारण २ सेंमी. तार आणि चुंबक तपकीर गल्लीतून आणले. चुंबक म्हणजे १० मिमी व्यासाच्या ३ मिमी जाड निओडिमियम चकत्या, पाच एकावर एक चिकटवून १५ मिमीची कांडी. मीटर कॉलेजचा, मध्ये शून्य असलेला.

चुंबकाच्या बाजूने बघितलं तर तार अ टोकापासून सुरू होऊन घड्याळाच्या उलट दिशेने फिरत ब टोकाला संपते. अ लाल टर्मिनलला, ब काळ्याला. उत्तर ध्रुव पुढे करून चुंबक आत नेते आणि मधोमध थांबवते. माझ्या हिशेबाने काटा डावीकडे जायला हवा. दर वेळी उजवीकडे जातो.

दुसरा प्रश्न. प्रवर्तित धारा बदलाला विरोध करते, "कारण ऊर्जा अक्षय्य आहे", इतकंच सांगून क्लासमध्ये पुढे गेले. तारेतल्या इलेक्ट्रॉनला ऊर्जेचा हिशेब कोण सांगतं?

कसबा_कट्टा
सोपं आहे. उत्तर ध्रुव जवळ आला की कुंडलाचं तोंड उत्तर होतं, म्हणजे धारा घड्याळाच्या उलट. ती अ पासून ब कडे जाते. धारा धनाकडून ऋणाकडे वाहते, म्हणून अ धन. अ लाल टर्मिनलला जोडलंय, काटा उजवीकडे जाणारच. तुझा हिशेब चुकलाय, काटा बरोबर आहे. आणि विरोधाचं म्हणशील तर कुंडल चुंबकाला नेहमी ढकलून लावतं, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

मुठाकाठ
कसबा, दोन्ही ठिकाणी थांबा.

धारा घड्याळाच्या उलट आणि कुंडलाच्या आत अ कडून ब कडे, इथपर्यंत तुमचं बरोबर. पण इथे कुंडल हा सेल आहे. सेलच्या आत धारा ऋणाकडून धनाकडे जाते आणि बाहेरच्या मंडलात धनाकडून ऋणाकडे. कुंडलातून ती ब टोकाने बाहेर पडते, म्हणजे धन टोक ब. ब काळ्या टर्मिनलला आहे, तेव्हा धारा मीटरमध्ये काळ्या बाजूने शिरेल आणि काटा डावीकडे जाईल. रेवाचा हिशेब बरोबर आहे. पेपरात सगळ्यात जास्त मार्क याच जागी जातात. दिशा बरोबर काढतात आणि मग धन टोक उलटं लिहितात.

आणि "नेहमी ढकलतं" हे चुंबक आत येतानाच खरं. चुंबक बाहेर काढा, तेच तोंड दक्षिण होतं आणि जाणाऱ्या उत्तर ध्रुवाला ओढून धरतं. कुंडलाचं चुंबकाशी वैर नाही. त्यातून जाणारा फ्लक्स वाढत असेल तर ते वाढू देत नाही, घटत असेल तर घटू देत नाही. आत येताना आणि बाहेर जाताना धारेची दिशा उलटी असते, पण चुंबकावरचं बल दोन्ही वेळा त्याच्या वेगाच्या विरुद्धच असतं.

आता काटा. हिशेब बरोबर आणि काटा उलटा, तर संशयित तीन: मीटरची दिशा, ध्रुवाची खूण आणि काट्याची तू नेमकी कोणती हालचाल वाचतेस. एक उलटलं तर उत्तर उलटं येतं. दोन उलटली तर उत्तर बरोबर येतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून प्रत्येक गोष्ट वेगळी तपासायची, तारा अदलाबदल करून जुळवून घ्यायचं नाही.

मीटर आधी. दीड व्होल्टचा सेल आणि त्याच्याबरोबर एकसरीत १० किलोओहमचा रोध. सेलचं धन टोक रोधातून लाल टर्मिनलला, ऋण काळ्याला. साधारण १५० मायक्रोॲम्पिअर जातील, काटा काही घरं सरकेल आणि बाजू कळेल. रोधाशिवाय सेल लावू नकोस. शाळा-कॉलेजचा गॅल्व्हॅनोमीटर साधारण १०० ओहमचा असतो, त्यातून थेट १५ मिलिॲम्पिअर जातील आणि काटा टोकाला आपटून वाकेल.

भिडे_वाडा_पलीकडे
एक शंका. ५०० वेढे म्हणजे बरेच थर. पहिला थर डावीकडून उजवीकडे, दुसरा उजवीकडून डावीकडे. दुसऱ्या थरात दिशा उलटून परिणाम कापला जात नाही का?

मुठाकाठ
नाही. थर पाइपच्या लांबीवर पुढे-मागे जातात, पण गुंडाळताना पाइप एकाच बाजूला फिरत असतो. फेऱ्याची दिशा तीच राहते आणि फ्लक्सला फक्त तिच्याशी घेणं. मध्येच तार तुटली, जोड दिला आणि त्यानंतर पाइप उलटा फिरवला, तर मात्र तेवढे वेढे वजा होतात. काटा फारच कमी हलत असेल तेव्हा याचा विचार करायचा. काटा अजिबात हलत नसेल तर टोकांवरचं एनॅमल बघा. तांब्याच्याच रंगाचं असतं, निघालंय असं वाटतं आणि निघालेलं नसतं. पॉलिश पेपरने घासून मल्टिमीटरवर रोध मोजा. या कुंडलाला साधारण २० ओहम यायला हवेत. अनंत आलं तर एनॅमल राहिलंय किंवा तार तुटलीय.

रेवा_बारावी
१९ ओहम आले. सेल लावून बघितला, लाल टर्मिनलला धन तर काटा उजवीकडे. म्हणजे मीटर ठीक. चुंबकावर खूण कॉलेजच्या पट्टीचुंबकावरून केली होती. त्याच्या लाल टोकाकडे चकत्यांची जी बाजू ओढली गेली ती दक्षिण धरली.

मुठाकाठ
पद्धत बरोबर. आता पट्टीचुंबकावर विश्वास किती ठेवायचा हा प्रश्न. प्रयोगशाळेतले जुने पट्टीचुंबक पडून, आपटून, सारखे ध्रुव शेजारी येतील असे ठेवल्यामुळे कमजोर होतात. जोरदार चुंबकाजवळ राहिले तर ध्रुवही उलटू शकतात. लाल रंग मात्र जागेवरच राहतो. होकायंत्रावरही डोळे मिटून जाऊ नकोस. निओडिमियम अगदी जवळ नेलं तर स्वस्त होकायंत्राच्या सुईचे ध्रुव उलटतात आणि मग ते दक्षिणेला उत्तर म्हणत बसतं.

खात्रीचा उपाय जुनाच. कांडीच्या मध्यावर बारीक, पीळ नसलेला दोरा बांध आणि कांडी आडवी राहील अशी टांग. लोखंडी कपाट, खिडकीचे गज, फोन सगळं दूर. डोलणं थांबलं की जे टोक उत्तरेकडे ते उत्तर. उत्तर कुठे हे फोनच्या होकायंत्रावर बघायचं असेल तर चुंबक आणण्याआधी बघून ठेव. शहरातल्या गच्चीवरून सिंहगड दिसत असेल तर तो नैऋत्येला, त्यावरूनही अंदाज येतो.

तिसरा संशयित तुझ्या बाबतीत कमी, कारण तू चुंबक मधोमध थांबवतेस. इतरांसाठी लिहून ठेवतो. चुंबक आरपार नेला तर काटा एकदा एका बाजूला आणि लगेच दुसऱ्या बाजूला उडतो. पहिला हेलकावा डोळ्यांतून सुटला तर दुसरा वाचला जातो, आणि तो उलटाच असतो. जोरात ढकललं तर काटा टोकाला आपटून परत येतो, तो परतीचा झोकाही फसवतो. चुंबक सावकाश, फक्त मध्यापर्यंत न्यायचा आणि पहिली हालचाल वाचायची.

पर्वती_पायथा
आमच्याकडे इंडक्शनवर ॲल्युमिनियमचं पातेलं चालत नाही, स्टीलचं एक चालतं एक नाही. लेंझचा नियम ॲल्युमिनियमला लागू नाही का? दुकानदार म्हणतो शेगडी बदला.

मुठाकाठ
लागू आहे, ॲल्युमिनियममध्ये धारा स्टीलपेक्षा सहज वाहते. अडचण उष्णतेची आहे. त्याचा रोध फार कमी, म्हणून तेवढ्या धारेत ते तापत नाही, आणि अशा भांड्याखाली शेगडी स्वतःच बंद होते. तळाला चुंबक घट्ट चिकटला तर भांडं चालेल. शेगडी बदलू नका. बाकी या शेगडीवर वेगळा धागा काढा, इथे रेवाचा काटा अडकलाय.

अभियंता_निवृत्त
दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही. ऊर्जेचं उत्तर पुरेसं आहे, फक्त ते आकड्यांत बघायला हवं.

दोन समांतर रूळ घ्या, मध्ये २० सेंमी अंतर. त्यावर आडवी दांडी, एका टोकाला रूळ जोडलेले. एकूण रोध ०.१ ओहम, क्षेत्र ०.५ टेस्ला, जमिनीतून वरच्या दिशेने. दांडी २ मीटर प्रति सेकंद वेगाने ओढा. विद्युतगामक बल `Blv`, म्हणजे ०.२ व्होल्ट. धारा २ ॲम्पिअर. त्या धारेमुळे दांडीवर बल `BIl`, म्हणजे ०.२ न्यूटन, मागच्या बाजूला. हाताला ०.२ न्यूटन लावून २ च्या वेगाने ओढावं लागतं, म्हणजे ०.४ वॉट. रोधात तयार होणारी उष्णता `I²R`, तीही ०.४ वॉट. पै न् पैचा हिशेब जुळतो.

आता समजा बल पुढच्या बाजूला असतं. दांडी ५० ग्रॅमची धरा. २ च्या वेगाला तिचं त्वरण ४ मीटर प्रति सेकंद वर्ग येतं. वेग वाढला की धारा वाढते, धारा वाढली की बल वाढतं. दर अर्ध्या सेकंदाला वेग २.७ पट. पाच सेकंदांत दांडी ४४ किलोमीटर प्रति सेकंद वेगाने जाईल, पृथ्वी सोडायला सव्वाअकराच पुरतात. शिवाय रोध तापतोय तो वेगळाच, आणि हात तर कधीच सोडलेला. असं होत नाही, म्हणून विरोध. यापलीकडे कारण शोधायची गरज नाही.

ओंकारेश्वर_पूल
हिशेब देखणा आहे, पण तो सांगतो की बल पुढे असू शकत नाही. ते मागे कसं जातं हे त्यातून कळत नाही, आणि रेवाने विचारलंय ते हेच.

काका, तुमचेच रूळ वापरतो. दांडी पूर्वेकडे चाललीय, क्षेत्र वर. दांडीतला धन प्रभार दांडीबरोबर पूर्वेकडे चाललाय. डाव्या हाताचा नियम लावा: बल दक्षिणेकडे. म्हणून प्रभार दांडीतून दक्षिणेकडे वाहू लागतो. हीच प्रवर्तित धारा. आता हा प्रभार दक्षिणेकडेही चाललाय आणि क्षेत्र तेच आहे. पुन्हा तोच नियम लावा: बल पश्चिमेकडे. दांडी पूर्वेकडे, बल पश्चिमेकडे. विरोध झाला, आणि वाटेत ऊर्जेचं नावही घ्यावं लागलं नाही.

म्हणजे वेगाला चुंबकीय क्षेत्राने एकदा ९० अंश उजवीकडे वळवलं, आणि त्यातून जो नवा वेग आला त्याला पुन्हा ९० अंश उजवीकडे. ९० आणि ९०, १८०. क्षेत्र खाली केलंत तर दोन्ही वळणं डावीकडे होतील, पूर्वेवरून उत्तर आणि उत्तरेवरून पुन्हा पश्चिमच. धनाऐवजी इलेक्ट्रॉन घेतलात तर तोही दोनदा डावीकडे वळतो, उत्तर पश्चिम करत तिथेच पोचतो. कसंही उलटं करा, वळणं दोनच आणि दोन्ही एकाच बाजूची, त्यामुळे बेरीज बदलत नाही. इलेक्ट्रॉनला हिशेब माहीत असावा लागत नाही, त्याच्यावर एकच बल आहे आणि ते दोनदा लागतं.

रेवा_बारावी
वहीत चारही प्रकार काढून बघितले, प्रत्येक वेळी पश्चिमच येतं. हे मस्त आहे.

पण सर, माझ्या प्रयोगात कुंडल टेबलावर चिकटवलंय. हलतोय चुंबक. इलेक्ट्रॉनला वेगच नाही, मग पहिलं वळण कशाचं?

ओंकारेश्वर_पूल
नेमका प्रश्न. चुंबकावर बसून बघितलंस तर कुंडल तुझ्याकडे येताना दिसेल, प्रभारांना वेग आहे आणि दोन वळणांचा हिशेब जसाच्या तसा लागतो. इथे चुंबकाचं क्षेत्र टोकापाशी बाजूला फाकतं, तो फाकलेला भाग पहिलं वळण देतो. टेबलावर बसून बघितलंस तर क्षेत्र बदलतंय आणि बदलत्या क्षेत्राभोवती गोल फिरणारं विद्युतक्षेत्र तयार होतं, तेच इलेक्ट्रॉनला ढकलतं. काटा दोन्हीकडून तेवढाच हलतो. एकाच घटनेला दोन वेगळी स्पष्टीकरणं का लागावीत हे आइनस्टाइनलाही खटकलं होतं. १९०५ च्या सापेक्षतेच्या निबंधाची सुरुवात याच चुंबक आणि वाहकाच्या उदाहरणाने होते.

अभियंता_निवृत्त
आणि ट्रान्सफॉर्मर? तिथे काहीच हलत नाही, कुणाच्याही खांद्यावर बसून बघा. तिथे तुमची वळणं लागत नाहीत, ऊर्जा मात्र लागते. म्हणून ऊर्जा हेच मूळ कारण.

ओंकारेश्वर_पूल
वळणं तिथे लागत नाहीत, मान्य. पण मूळ कारण ऊर्जा, यावर तारखा बघा. फॅराडेचा शोध १८३१ चा, लेंझचा नियम १८३४ चा. ऊर्जेची अक्षय्यता मायर, जूल, हेल्महोल्ट्झ यांच्या हातून आली ती १८४० च्या दशकात. लेंझने नियम बसवला तो प्रयोगांवरून: वाहक हलवला की त्यात धारा कोणत्या दिशेची येते, आणि तीच धारा बाहेरून सोडली तर वाहक कुठे सरकतो, या दोन दिशा समोरासमोर ठेवून. ऊर्जेशी त्याचा सांधा नंतर जुळला.

अभियंता_निवृत्त
शोध कधी लागला आणि कारण काय, या दोन गोष्टी एक नव्हेत. गुरुत्वाकर्षण न्यूटनच्या आधीही होतं. मी माझ्या म्हणण्यावर कायम आहे.

सातारा_रोड_सर्किट
मध्येच विचारतो. १२ व्होल्टचा रिले बीसी५४७ ने चालवतोय. रिले चालू होतो, बंद करताना ट्रान्झिस्टर उडतो. कुंडलाचा बॅक ईएमएफ पुरवठ्याला विरोध करतो म्हणतात. विरोध १२ व्होल्टला असेल तर तो १२ पेक्षा जास्त कसा होईल? आणि ४५ व्होल्टचा ट्रान्झिस्टर उडतो कसा?

मुठाकाठ
हा प्रश्न धाग्यातच बसतो. कसबांच्या "नेहमी ढकलतं" मध्ये जे राहिलं तेच इथे राहिलंय. विरोध पुरवठ्याला नाही, धारेतल्या बदलाला आहे.

चालू करताना धारा शून्यावरून वाढत असते, कुंडल वाढीला विरोध करतं. तिथे बॅक ईएमएफ १२ च्या वर जाऊ शकत नाही. गेला तर धारा वाढायचीच थांबेल आणि मग तो कशाच्या जोरावर टिकणार? तुमचा रिले ४०० ओहमचा असेल तर धारा चढत चढत ३० मिलिॲम्पिअरवर स्थिरावते आणि बॅक ईएमएफ शून्य होतो.

बंद करताना धारा घटवण्याचा प्रयत्न होतो. आता कुंडल धारेच्या बाजूने उभं राहतं, ते ३० मिलिॲम्पिअर चालूच ठेवायला बघतं. किती व्होल्ट लागतील हे पुरवठा ठरवत नाही, धारेला मिळालेली वाट ठरवते. बंद होणाऱ्या ट्रान्झिस्टरचा रोध १० किलोओहम झाला असं क्षणभर धरा, तेवढी धारा त्यातून ढकलायला ३०० व्होल्ट लागतात. प्रत्यक्षात ४५ च्या पुढे कुठेतरी ट्रान्झिस्टर आधीच हार मानतो.

रिलेच्या कुंडलाला समांतर १एन४००७ डायोड लावा, पट्ट्याची बाजू धन १२ व्होल्टकडे. चालू असताना तो उलटा, म्हणून गप्प. बंद करताच धारेला त्यातून फिरायला वाट मिळते आणि ट्रान्झिस्टरवर १२ आणि डायोडचे पाऊण, एवढेच व्होल्ट येतात. पट्टा उलटा लावलात तर चालू करताक्षणी पुरवठ्याला शॉर्ट होईल, ट्रान्झिस्टर पुन्हा जाईल. डायोडमुळे धारा हळू विरते, त्यामुळे रिले थोडा उशिरा सुटतो, साध्या कामाला त्याने फरक पडत नाही.

ओंकारेश्वर_पूल
याच रिलेवरून काकांच्या ट्रान्सफॉर्मरचं उत्तर देता येतं. काही हलत नसलं तरी उणे चिन्ह का लागतं? पुरवठा काढून बंद वेटोळ्यात धारा तशीच सोडली तर

```
L di/dt = -R i
```

धारा विरत जाते. विरोधाऐवजी साथ असती तर डावीकडचं चिन्ह उलटून

```
L di/dt = +R i
```

झालं असतं. मग तारेत उष्णतेमुळे सतत होणारी इलेक्ट्रॉनांची किरकोळ चुळबुळसुद्धा आपोआप फुगत गेली असती. जगात तांब्याचं एकही बंद वेटोळं शांत राहिलं नसतं, तुमच्या हातातल्या अंगठीसकट.

अभियंता_निवृत्त
म्हणजे उष्णता फुकटात आली असती. परत ऊर्जाच.

ओंकारेश्वर_पूल
काका, चिन्ह तपासायला ऊर्जा, चिन्ह येतं कुठून हे बघायला बलं. एवढ्यावर मी थांबतो.

तांबट_आळी
काट्याची कटकट नको असेल तर तांब्याचा पाइप घ्या. एक मीटर लांब, आतून चुंबकापेक्षा जरासा मोठा. लोखंडाचा तुकडा सोडला तर अर्ध्या सेकंदाच्या आत खाली, चुंबक सोडला तर काही सेकंद रेंगाळतो. पाइपला उभी चीर पाडली की धारा तुटते आणि चुंबक धाडकन पडतो.

मुठाकाठ
चिरेबद्दल अर्धं बरोबर. पाइपभोवती पूर्ण फेरा घेणारी धारा तुटते, पण भिंतीतल्या भिंतीत, चिरेच्या अलीकडेच वळणारे भोवरे राहतात. चुंबक पहिल्यापेक्षा जोरात पडतो, मोकळा पडत नाही. किती जोरात, ते भिंतीच्या जाडीवर आणि चुंबकाच्या लांबीवर जातं.

पाइपमध्ये चुंबक कधी थांबत नाही, हेही बघण्यासारखं. थांबला तर बदल नाही, बदल नाही तर धारा नाही, धारा नाही तर धरून ठेवणारं बल नाही. म्हणून तो वजन आणि विरोध समान होतील अशा वेगाला स्थिरावतो. १० ग्रॅमचा चुंबक सेकंदाला १० सेंमी उतरत असेल तर दर सेकंदाला सुमारे ०.०१ ज्यूल पाइपात उष्णता होऊन जाते. एक मीटरला ०.१ ज्यूल. पाइप ३०० ग्रॅमचा असेल तर तापमान अंशाच्या हजाराव्या भागाइतकंही वाढत नाही, हात लावून शोधू नका.

कसबा_कट्टा
चीर पाडल्यावर आम्हाला तरी काही फरक राहिलेला दिसला नव्हता.

मुठाकाठ
तोच चुंबक त्याच उंचीवरून पाइपच्या बाहेर सोडून दोन्ही वेळा मोजा. एक मीटरला मोकळं पडायला ०.४५ सेकंद लागतात, नजरेने अर्धा आणि पाऊण सेकंद वेगळे कळत नाहीत. फोनवर संथगती चित्रण करून फ्रेम मोजा.

रेवा_बारावी
दोऱ्याने टांगून बघितलं. मी दक्षिण म्हणून खूण केलेलं टोक उत्तरेकडे बघतंय. मग कॉलेजचा पट्टीचुंबकही टांगला, त्याचं लाल टोक दक्षिणेकडे. नवी खूण करून चुंबक आत नेला, काटा डावीकडे. बाहेर काढला, उजवीकडे.

आता दोन नव्या गोष्टी. चुंबक आरपार सोडला तर बाहेर पडतानाचा हेलकावा आत शिरतानापेक्षा मोठा हवा असं वाटलं होतं, कारण तेव्हा वेग जास्त. पण दोन्ही जवळपास सारखे वाटतात. आणि मीटरच्या जागी लाल एलईडी लावला तर हाताने ढकलून काही केल्या लागत नाही.

मुठाकाठ
एलईडी आधी. तुझ्या चुंबकाचा कुंडलातून जाणारा फ्लक्स अंदाजे ०.००००४ वेबर धर. ५०० वेढ्यांनी गुणलं की ०.०२. हाताने मध्यापर्यंत न्यायला ०.१ सेकंद लागला तर सरासरी ०.२ व्होल्ट. लाल एलईडीला साधारण १.८ लागतात. कुंडल पाइपच्या खालच्या टोकाशी सरकव आणि चुंबक अर्ध्या मीटरवरून सोड. तिथे वेग ३ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास असतो, तोच बदल सुमारे ०.०१ सेकंदात होतो, २ व्होल्ट येतात. एक एलईडी सुलट आणि त्याला समांतर दुसरा उलट लाव, एक शिरताना लागेल, दुसरा निघताना. खोलीत अंधार हवा, लुकलुक क्षणाची असते. खाली जाड कापड ठेव, निओडिमियम ठिसूळ असतं, फरशीवर पडलं की टवके उडतात.

हेलकाव्यांचं. वेग जास्त तर व्होल्ट जास्त, हे खरं, पण तितकाच वेळ कमी. `e = -N dΦ/dt` मधलं `e` वेळेवर बेरीज केलं की दोन्ही बाजूंना तेच ०.०२ येतं. तुझा काटा जड आहे, इतक्या झटपट झटक्यात तो व्होल्टचा कळस दाखवत नाही, साधारण ही बेरीजच दाखवतो. कळस बघायचा तर ऑसिलोस्कोप लागेल: पहिला डोंगर बुटका आणि रुंद, दुसरा उलटा, उंच आणि अरुंद, क्षेत्रफळ दोघांचं सारखं. डिजिटल मल्टिमीटर यात कामाचा नाही. तो सेकंदाला दोन-तीनदाच वाचतो, झटका त्याच्या दोन वाचनांमधून निसटून जातो.

रेवा_बारावी
कॉलेजमध्ये ऑसिलोस्कोप आहे, कपाटात. किल्ली मागते. आणि त्या पट्टीचुंबकाच्या लाल टोकावर पांढरा कागद चिकटवून "द" लिहिलंय.

भिडे_वाडा_पलीकडे
ऑसिलोस्कोपवर बघितलंस तर एक मोजून सांग. दोन डोंगरांच्या मध्ये रेघ शून्याला छेदते, ती चुंबक बरोबर मधोमध असताना की किंचित आधी-नंतर? एलईडी जोडलेला असताना आणि नसताना फरक पडतो का, तेही.